थिएटरमधला सिनेमा घरी कधी येणार? छप्पन दिवसांचा हिशेब आणि त्यातल्या खाचाखोचा

‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ला लागला आणि तिसऱ्याच दिवशी मावशीचा फोन आला. तिचे गुडघे दुखतात, मल्टिप्लेक्स तिसऱ्या मजल्यावर, तिकिटाची रांग वेगळी. तिचा प्रश्न एकच होता: “मोबाइलवर कधी येणार रे?” तिच्याकडे फॉरवर्ड होऊन आलेल्या चार तारखा होत्या. एकीत मार्चचा पहिला आठवडा होता, एकीत होळी, एकीत ‘लवकरच’, आणि एक तर होऊन गेलेली होती.

मी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, १४ फेब्रुवारीच्या शुक्रवारवर बोट ठेवलं आणि शुक्रवारच्या ओळीतून पुढे सरकत आठ मोजले. एकवीस, अठ्ठावीस, मग पान उलटून मार्चचे चार, मग एप्रिलचा चार आणि अकरा. म्हटलं, “अकरा एप्रिल धरून चल.” ‘छावा’ नेटफ्लिक्सवर आला तो ११ एप्रिललाच. मावशीला वाटलं माझी कुठेतरी ओळख आहे. ओळख वगैरे काही नाही, एवढं एक मोजमाप आहे. ते कुठे चालतं, कुठे फसतं आणि फसल्यावर काय करायचं, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी इथे सांगतो.

आधी आठ आठवडे कुठून आले ते

हिंदी चित्रपट थिएटरात लागल्यापासून ओटीटीच्या वर्गणीत दिसेपर्यंत आठ आठवडे जावेत, अशी देशभर पसरलेल्या मल्टिप्लेक्स साखळ्यांची अट असते. पीव्हीआर आयनॉक्स, सिनेपोलिस ही त्यातली मोठी नावं. हा सरकारी कायदा नाही, धंद्यातला करार आहे. निर्मात्याने आठ आठवडे कबूल केले नाहीत तर या साखळ्या पडदे देत नाहीत, आणि हिंदी चित्रपटाला शहरांतले हे पडदे सोडून चालत नाही. साखळ्यांचं म्हणणंही समजण्यासारखं आहे. महिन्याभरात घरी दिसणार हे एकदा प्रेक्षकाच्या डोक्यात बसलं की दुसऱ्या आठवड्यात खुर्च्या रिकाम्या राहतात.

गंमत म्हणजे छप्पनला सातने पूर्ण भाग जातो. त्यामुळे चित्रपट ज्या वारी लागला त्याच वारी तो घरी येतो. ‘पठाण’ २५ जानेवारी २०२३ला, बुधवारी लागला आणि २२ मार्चला, बुधवारीच प्राइम व्हिडिओवर आला. ‘जवान’ ७ सप्टेंबर २०२३चा गुरुवार, नेटफ्लिक्सवर २ नोव्हेंबर, गुरुवार. ‘गदर २’ ११ ऑगस्ट ते ६ ऑक्टोबर, दोन्ही शुक्रवार, झी५. ‘सैयारा’ १८ जुलै ते १२ सप्टेंबर २०२५, पुन्हा शुक्रवार ते शुक्रवार. मोजून बघा, प्रत्येक वेळी बरोबर छप्पन.

म्हणून बातमीतली तारीख पहिल्यांदा वारावर घासून बघायची. चित्रपट शुक्रवारी लागला असेल आणि कुणी सातव्या आठवड्यातला मंगळवार सांगत असेल, तर ती तारीख बहुतेक त्याने स्वतःच बसवलेली असते. ही चाचणी शंभर टक्के नाही, पण माझ्या ग्रुपवर येणारा निम्मा कचरा ती बाहेर काढते.

एक सावधगिरी आत्ताच सांगतो. जुन्या याद्या बघून सरासरी काढायला जाऊ नका. करोनाच्या काळात ही मुदत चार आठवड्यांवर आली होती. ‘सूर्यवंशी’ ५ नोव्हेंबर २०२१ला लागला आणि ३ डिसेंबरला, म्हणजे अठ्ठावीस दिवसांत नेटफ्लिक्सवर दिसला. ऑगस्ट २०२२पासून हिंदीसाठी पुन्हा आठ आठवडे झाले. २०२१चे आणि २०२३चे चित्रपट एकाच यादीत टाकले तर सरासरी सहा आठवड्यांच्या आसपास येते, आणि सहा आठवड्यांनी वर्गणीत तर काहीच येत नाही.

पायरी पहिली: शून्य दिवस बरोबर पकडा

मोजायला सुरुवात कुठून करायची, इथेच पहिली चूक होते. मोठ्या चित्रपटांचे आदल्या रात्री पैसे घेऊन खेळ लावतात, त्याला पेड प्रीव्ह्यू म्हणतात. ‘पुष्पा २’चे असे खेळ ४ डिसेंबर २०२४ला झाले, पण अधिकृत प्रदर्शन ५ डिसेंबरचं. मोजणी ५पासून. छप्पन दिवस पुढे गेलं की येतो ३० जानेवारी २०२५, आणि त्याच दिवशी तो नेटफ्लिक्सवर आला. या चित्रपटाच्या वेळी तर तो लवकर येणार अशा अफवा इतक्या पसरल्या, की छप्पन दिवसांच्या आत कुठल्याही ओटीटीवर येणार नाही हे निर्मात्यांना स्वतःच जाहीर करावं लागलं.

प्रदर्शनाचा दिवस हा शून्य, दुसरा दिवस एक. ५ डिसेंबरला एक धरलंत तर एक दिवस अलीकडची तारीख येईल आणि वार जुळणार नाही. वार जुळला नाही की मोजणी चुकली, हे लगेच कळतं.

जुना चित्रपट काही वर्षांनी पुन्हा थिएटरात लावला तर त्याला हे काहीच लागू नाही. तो बहुधा आधीच कुठेतरी उपलब्ध असतो.

पायरी दुसरी: भाषा बघा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

तेलुगू, तमिळ, मल्याळम, कन्नड चित्रपटांना आठ आठवड्यांचं बंधन त्यांच्या मूळ भाषेसाठी तसं नाही. तिथे चार आठवड्यांचा प्रघात बराच दिसतो. रजनीकांतचा ‘जेलर’ १० ऑगस्ट २०२३ला लागला आणि ७ सप्टेंबरला, अठ्ठाविसाव्या दिवशी प्राइमवर आला. पण त्याच चित्रपटाची हिंदी आवृत्ती देशभरच्या साखळ्यांत लावायची म्हटली, की आठ आठवडे कबूल करावे लागतात. इथे निर्मात्यापुढे तीन वाटा राहतात आणि तिन्हींची उदाहरणं आहेत.

पहिली वाट: लवकर ओटीटी घ्या, हिंदीतली मल्टिप्लेक्स सोडा. विजयच्या ‘लिओ’ने हे केलं. १९ ऑक्टोबर २०२३ला लागला, पण हिंदी आवृत्ती राष्ट्रीय साखळ्यांनी लावली नाही. ती पाहायला एकपडदा थिएटर शोधावं लागलं. २४ नोव्हेंबरला तो नेटफ्लिक्सवर आला, छत्तीस दिवसांत. तेव्हा दक्षिणेतल्या एखाद्या मोठ्या चित्रपटाचा हिंदी खेळ तुमच्या गावच्या मल्टिप्लेक्समध्ये अजिबात दिसत नसेल आणि जुन्या एकपडद्यावर मात्र असेल, तर ती चांगली खूण समजा. हा चित्रपट आठ आठवडे थांबणार नाही.

दुसरी वाट: सगळ्याच भाषा आठ आठवडे थांबवा. ‘कल्की २८९८ एडी’ २७ जून २०२४ला लागला आणि २२ ऑगस्टला, छप्पनाव्या दिवशी घरी आला. यात आणखी एक मेख होती. हिंदी आवृत्ती नेटफ्लिक्सवर आणि दक्षिणेतल्या भाषा प्राइमवर. एकाच चित्रपटासाठी दोन वर्गण्या. आमच्या शेजारच्या जोशीकाकांनी प्राइमवर तो लावला, तेलुगू ऐकू आलं, आणि ऑडिओच्या यादीत हिंदी शोधत त्यांनी अर्धा तास रिमोट दाबला. हिंदी त्या यादीत नव्हतीच.

तिसरी वाट: भाषांच्या तारखा वेगळ्या करा. ‘कांतारा: चॅप्टर १’ २ ऑक्टोबर २०२५ला लागला. ३१ ऑक्टोबरला प्राइमवर कन्नड, तमिळ, तेलुगू आणि मल्याळम आवृत्त्या आल्या, एकोणतिसाव्या दिवशी. हिंदी मात्र २७ नोव्हेंबरला, म्हणजे छप्पनाव्या दिवशी. ‘आला’ आणि ‘नाही आला’ असे दोन्ही निरोप त्या चार आठवड्यांत खरे होते. विचारणाऱ्याने भाषा सांगितली नव्हती, एवढंच.

म्हणून तारीख लिहिताना भाषाही लिहायची. ज्याला कन्नड ऐकून खाली सबटायटल वाचायला चालतं त्याच्यासाठी चार आठवडे, ज्याला हिंदीच हवं त्याच्यासाठी आठ.

मराठीचं काय?

मराठीत असं एक ठरलेलं माप मला तरी सापडलेलं नाही. तीन चित्रपट घ्या. ‘धर्मवीर’ १३ मे २०२२ला लागला, १७ जूनला झी५वर: पाच आठवडे. ‘वेड’ ३० डिसेंबर २०२२ला लागला आणि हॉटस्टारवर २८ एप्रिल २०२३ला: सतरा आठवडे. ‘दशावतार’ १२ सप्टेंबर २०२५ला लागला, झी५वर १४ नोव्हेंबरला: नऊ आठवडे.

पाच, नऊ, सतरा. यातून सरासरी काढणं म्हणजे घरातल्या तिघांच्या चपलांची सरासरी काढून एकच जोड आणण्यासारखं आहे. त्यापेक्षा दोन गोष्टी बघाव्या. चित्रपट अजून थिएटरात टिकून आहे का? ‘वेड’ जोरात चालला होता, आणि चालणारा चित्रपट घरी आणायची घाई कुणाला नसते. आणि मागे कोण उभं आहे? ‘धर्मवीर’ आणि ‘दशावतार’ दोन्हींमागे झी स्टुडिओज होतं, त्यामुळे ते झी५वर येतील हा अंदाज आधीपासून बांधता येत होता. तारखेचा अंदाज नाही, पण जागेचा.

गंमत म्हणून वार बघितला तर तिन्ही शुक्रवार ते शुक्रवार आहेत. आकडा जुळला नाही तरी वार मराठीतही बरेचदा जुळतो.

पायरी तिसरी: कुठे येणार ते चित्रपटातच वाचा

ओटीटीचे हक्क मोठ्या हिंदी चित्रपटांच्या बाबतीत बहुधा प्रदर्शनाच्या आधीच विकलेले असतात. ते शोधायची सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे थिएटरात सुरुवातीला येणाऱ्या पाट्या. निर्मात्यांचे बोधचिन्ह येण्याआधी किंवा लगेच नंतर आभाराच्या पाट्या येतात. तिथे स्ट्रीमिंग पार्टनर म्हणून नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार यांपैकी एकाचं नाव झळकतं. कधी ते पोस्टरच्या तळाशी बारीक चिन्हात असतं. बहुतेक लोक त्या वेळी पॉपकॉर्नचं झाकण काढत असतात. आमच्यापैकी जो थिएटरात जातो त्याच्याकडे हे एक काम असतं: पाटी वाचून यायची.

निर्मात्यावरून अंदाज बांधू नका. ‘स्त्री २’ आणि ‘छावा’ दोन्ही मॅडॉकचे, पण पहिला प्राइमवर गेला आणि दुसरा नेटफ्लिक्सवर. ‘पठाण’ आणि ‘सैयारा’ दोन्ही यशराजचे, तिथेही तसंच. प्रत्येक चित्रपटाचा सौदा वेगळा धरायचा. दक्षिणेतल्या चित्रपटांसाठी मात्र एक सोय आहे: नेटफ्लिक्स जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, त्या वर्षी थिएटरनंतर आपल्याकडे येणाऱ्या तेलुगू आणि तमिळ चित्रपटांची यादी स्वतःच जाहीर करत आलं आहे. ती एकदा बघून ठेवली की वर्षभर पुरते.

पाटीवर कुणाचंच नाव नसेल तर तेही लिहून ठेवा. याचा अर्थ सौदा झालेला नसण्याची शक्यता आहे, आणि मग छप्पनचा हिशेब ढासळतो. ‘द केरला स्टोरी’ ५ मे २०२३ला लागला, खूप चालला, तरी झी५वर यायला १६ फेब्रुवारी २०२४ उजाडला. नऊ महिन्यांहून जास्त. तिकीटबारीवर गर्दी झाली म्हणजे ओटीटीवर लवकर येईल, असं काही नसतं.

पायरी चौथी: मधली खिडकी, भाड्याची

वर्गणीत येण्याआधी काही चित्रपट भाड्याने मिळतात. हे वेगळं दुकान आहे. प्राइम व्हिडिओवरच हा विभाग आहे, पण प्राइमची वर्गणी भरलेली असली तरी भाडं वेगळं द्यावं लागतं. यूट्यूबवर आणि ॲपलच्या ॲपमध्येही चित्रपट भाड्याने मिळतात.

ही खिडकी सहा आठवड्यांच्या सुमाराला उघडलेली दिसते. ‘स्त्री २’ १५ ऑगस्ट २०२४चा. २६ सप्टेंबरला, म्हणजे बेचाळिसाव्या दिवशी, प्राइमवर ३४९ रुपये भाड्याने आला. वर्गणीदारांसाठी वेगळे पैसे न देता तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात खुला झाला, दोन आठवड्यांनी. आमिर खानच्या ‘सितारे जमीन पर’चीही मोजणी तीच: २० जून २०२५ला थिएटर, १ ऑगस्टला यूट्यूबवर १०० रुपयांत. बेचाळीस दिवस. फरक इतकाच की इथे भाड्यापाठोपाठ वर्गणीतला नेटफ्लिक्स-प्राइमचा मुक्काम ठरलेला नव्हता; आमिरने मुद्दामच तो रस्ता टाळला. म्हणजे भाड्याने आला की ‘दोन आठवडे थांबू, फुकट मिळेल’ हे दर वेळी खरं नाही. पाटीवर स्ट्रीमिंग पार्टनर होता का, ते इथे उपयोगी पडतं.

आमिरचीच आणखी एक गोष्ट. ‘लालसिंग चढ्ढा’च्या वेळी तो म्हणाला होता की आपले चित्रपट ओटीटीवर यायला सहा महिने लागतील. ११ ऑगस्ट २०२२ला चित्रपट लागला, चालला नाही, आणि ६ ऑक्टोबरला नेटफ्लिक्सवर होता. मोजा. मुलाखतीतलं वाक्य आणि छप्पन यांत पैज लागली तर मी छप्पनवर लावतो.

भाड्याचे दोन घड्याळ असतात, ते समजून घ्या. पैसे भरल्यावर सुरू करायला साधारण तीस दिवस मिळतात. पण एकदा चालू केला की बहुधा अठ्ठेचाळीस तासांत संपवावा लागतो. मी एका रविवारी दुपारी एक चित्रपट भाड्याने घेतला आणि आवाज नीट येतो का ते बघायला दोन मिनिटं लावला. सगळे मिळून मंगळवारी रात्री बघू असं ठरलं होतं. मंगळवारी जेवणं आटोपून बसलो तर पडद्यावर पुन्हा किंमत. दोन मिनिटांच्या आवाजाचे साडेतीनशे रुपये. आता मी आवाज तपासायला ट्रेलर लावतो.

हॉलिवूडचं गणित इथे लावू नका. तिथे भाड्याची खिडकी खूप लवकर उघडू शकते. युनिव्हर्सल आणि एएमसी या थिएटर साखळीने २०२०मध्ये सतरा दिवसांचा करार केला होता. पण तो अमेरिकेतल्या थिएटरांचा करार, भारतात तो चित्रपट त्याच दिवशी भाड्याने मिळेलच असं नाही.

पायरी पाचवी: एक छोटा तक्ता आणि दोन घंटा

इतकं कळलं की बाकी काम गुगल शीटवर पाच मिनिटांचं आहे. पहिल्या स्तंभात चित्रपट आणि भाषा, दुसऱ्यात प्रदर्शनाची तारीख, तिसऱ्यात भाड्याचा अंदाज, चौथ्यात वर्गणीचा अंदाज, पाचव्यात किती दिवस उरले. दुसऱ्या ओळीत सूत्रं अशी:

```
C2:  =B2+42
D2:  =B2+56
E2:  =D2-TODAY()
```

दक्षिणेतल्या मूळ भाषेसाठी 56च्या जागी 28 घाला. मराठीसाठी तो स्तंभ मी रिकामाच ठेवतो. उत्तर तारखेऐवजी पाच आकडी संख्येत दिसलं तर त्या चौकोनाचं स्वरूप तारखेचं करायचं राहिलेलं असतं.

आणि एक घोळ नक्की होतो. ‘जवान’ची तारीख तुम्ही 7/9/2023 अशी टाकली आणि शीट अमेरिकन पद्धतीवर असेल, तर ती ९ जुलै समजते. त्यात छप्पन मिळवले की येतो ३ सप्टेंबर २०२३. म्हणजे चित्रपट थिएटरात लागायच्या चार दिवस आधी ओटीटीवर! इतकं विचित्र उत्तर आलं तर बरं, चूक कळते. दुसऱ्या एखाद्या तारखेला उत्तर दिसायला ठीक वाटतं आणि महिन्याभराचा फरक तसाच राहून जातो. म्हणून महिना अक्षरांत टाका: `7-Sep-2023`. किंवा शीटच्या सेटिंगमध्ये देश भारत करा.

हा अंदाज झाला. खात्री करायला दोन घंटा लावून ठेवा. पहिली नेटफ्लिक्सच्या ॲपमध्येच: येणाऱ्या चित्रपटांच्या विभागात चित्रपटाखाली `Remind Me` असतं, ते दाबलं की आल्यावर सूचना येते. चित्रपट त्या विभागात तारखेसकट दिसू लागला की अंदाजाचं काम संपलं, तारीख नक्की झाली. दुसरी घंटा जस्टवॉचची. ही एक साइट आणि ॲप आहे. देश भारत निवडा, चित्रपट शोधा आणि आपल्या यादीत टाका. तो कुठे वर्गणीत आहे, कुठे भाड्याने आणि किती रुपयांना, ते तिथे वेगवेगळं दिसतं. ‘भाड्याने आला’ आणि ‘वर्गणीत आला’ यांतला गोंधळ मिटवायला मला याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला आहे.

बातम्या वाचायच्या असतील तर एकच प्रश्न विचारा: हे कोण म्हणतंय? ओटीटीच्या स्वतःच्या खात्यावर पोस्टर आणि तारीख आली असेल तर ती तारीख. ‘सूत्रांनुसार’, ‘शक्यता आहे’, ‘अपेक्षित’ असे शब्द असतील तर लिहिणाऱ्यानेही बहुधा कॅलेंडरवर आठ आठवडेच मोजलेले असतात, आणि ते तुम्हाला आता स्वतःला येतं. अधिकृत घोषणा अनेकदा फक्त काही दिवस आधी होते. त्यामुळे पन्नासावा दिवस उलटला तरी काही जाहीर नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. साठावा दिवस उलटला आणि तरीही शांतता असेल, तर मात्र सौदा अडकलाय किंवा झालाच नाही असं धरून शीटमधून तो काढून जस्टवॉचच्या भरवशावर सोडा.

नियम मोडून लवकर येणारेही असतात, पण ते गाजावाजा करून येतात. ‘भूल चूक माफ’ ९ मे २०२५ला लागणार होता. ऐन आदल्या दिवशी निर्मात्यांनी थिएटर रद्द करून थेट प्राइमवर, १६ मेला आणायचं ठरवलं. पीव्हीआर आयनॉक्स मुंबई उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने ओटीटीवर यायला मनाई केली. शेवटी तो २३ मेला थिएटरात लागला आणि दोनच आठवड्यांनी, ६ जूनला प्राइमवर आला. अशा वेळी शीट बघत बसू नका. हे सगळं पेपरात पहिल्या पानापर्यंत येतं.

परदेशातून बघणाऱ्यांसाठी

पुण्याहून दुबईला किंवा न्यू जर्सीला गेलेल्या भाचरांचा नेहमीचा मेसेज: “आमच्याकडे दिसत नाही.” हक्क देशागणिक विकले जातात, म्हणून भारतातली तारीख तिथे लागू होईलच असं नाही. ‘लिओ’ भारतात नेटफ्लिक्सवर २४ नोव्हेंबरला आला आणि बाकी जगात २८ला. जस्टवॉचवर देश बदलून तोच चित्रपट पुन्हा शोधा; तिथे तो कदाचित दुसऱ्याच ठिकाणी, किंवा फक्त भाड्याने असेल. आपल्या तारखेला आधार मानून दोन-चार दिवस इकडेतिकडे धरायचे.

आणि तारीख म्हणजे नेमकं कधी? भारतीय चित्रपट बहुधा त्या तारखेच्या सुरुवातीलाच, म्हणजे आदल्या रात्री बारा वाजता चढतात. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या परदेशी मालिका मात्र आपल्याकडे दुपारी येतात, कारण त्या कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्रीला धरून चालतात; उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात दीड. हे मी मावशीला सांगितलं नव्हतं. ११ एप्रिलला मी सकाळी सातला उठलो तर रात्री बारा वाजून नऊ मिनिटांचा तिचा मेसेज पडलेला होता: “आला. आवाज येतोय पण चित्र मोठं कसं करायचं?”